०५/११ म्हणजे पाच नोव्हेंबर की अकरा मे? तारखा महिन्यानुसार लावण्याआधी कोणता प्रश्न आधी विचारायचा

आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे कधी झाले, असं आपल्याकडे कुणालाही विचारा. २०१६ च्या दसऱ्याला, असं उत्तर येतं. तारीख होती ११ ऑक्टोबर. त्याच दिवशी निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबाद वेगळे झाले. आता हीच तारीख `11/10/2016` अशी एखाद्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये टाईप करा. लॅपटॉपची सेटिंग अमेरिकेची असेल तर तो ती १० नोव्हेंबर म्हणून साठवतो. विचारत नाही, इशारा देत नाही, लाल रंगही दाखवत नाही.

एका तारखेचं हे असं. कापसाच्या हंगामाचा सगळा हिशेब त्याच लॅपटॉपवर असेल तर काय होतं, ते यंदा एप्रिलमध्ये जवळून पाहायला मिळालं. बेला मंडळातल्या शेतकऱ्यांच्या एका छोट्या गटाची शीट माझ्याकडे आली होती. काम एका ओळीचं होतं: "महिन्याप्रमाणे लावून द्या." गटाचा टेम्पोवाला नोव्हेंबर २०२४ चं भाडं २९ क्विंटलचं मागत होता आणि शीटमध्ये नोव्हेंबरचा कापूस दिसत होता फक्त ५ क्विंटल. बिल फुगवलंय, असं दोघातिघांनी बोलूनही टाकलं होतं. गावात एकदा असं बोललं गेलं की माणसाचं नाव खराब व्हायला वेळ लागत नाही.

शीटमध्ये काय होतं

समजायला सोपं जावं म्हणून इथे आठच नोंदी घेतो. त्या तीन ठिकाणांहून आल्या होत्या. पहिलं ठिकाण आदिलाबादच्या पावत्या. त्या गटातल्या एका पोराने पाहून टाईप केल्या होत्या. दुसरं ठिकाण पैनगंगेपलीकडचा, म्हणजे यवतमाळ बाजूचा एक वजनकाटा; तिथल्या संगणकातून थेट फाईल आली होती. तिसरं ठिकाण गटातल्या एका काकांची वही. तिचा फोटो पाहून कुणीतरी दोन ओळी भरल्या होत्या.

| ठिकाण | लिहिलेली तारीख | क्विंटल |
|---|---|---|
| आदिलाबाद | `05/11/2024` | ६ |
| आदिलाबाद | `25/11/2024` | ८ |
| आदिलाबाद | `13/12/2024` | ७ |
| आदिलाबाद | `08/01/2025` | ४ |
| पलीकडचा काटा | `10/11/2024` | ९ |
| पलीकडचा काटा | `11/28/2024` | ५ |
| काकांची वही | `12/11/2024` | १० |
| काकांची वही | `02/01/2025` | ३ |

एकूण ५२ क्विंटल. अमेरिकी सेटिंगच्या लॅपटॉपवर याच आठ ओळींची महिन्यानुसार बेरीज अशी आली: मे २०२४ मध्ये ६, ऑक्टोबरमध्ये ९, नोव्हेंबरमध्ये ५, डिसेंबरमध्ये १०, फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ४. उरलेले १५ क्विंटल कुठल्याच महिन्यात बसेनात. मे महिन्यात आपल्याकडे कापसाची आवक कुठली? आणि एप्रिलमध्ये हिशेबाला बसलेल्या माणसाच्या शीटमध्ये येणारा ऑगस्ट कसा आला?

जे चांगलं दिसतं तेच बिघडलेलं असतं

एक्सेल तारीख ही तारीख म्हणून ठेवत नाही, आकडा म्हणून ठेवतं. १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरून पुढे मोजत जातं. ५ नोव्हेंबर २०२४ हा त्याच्या लेखी 45601 आहे आणि ११ मे २०२४ हा 45423. आपण `05/11/2024` टाईप केलं की लॅपटॉपची सेटिंग पाहून यातला एक आकडा ठरतो. तो ठरला की आपण मुळात काय लिहिलं होतं, हे सेलमध्ये उरत नाही.

पण `25/11/2024` चं काय होतं? अमेरिकी पद्धतीत महिना आधी आणि पंचविसावा महिना तर नसतो. म्हणून संगणक ती तारीख मानतच नाही, साधा मजकूर म्हणून ठेवून देतो. त्यामुळे एकाच रकान्यात दोन जाती तयार होतात. आकडे झालेल्या तारखा सेलच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर राहिलेल्या डाव्या कडेला. कुणी रकाना मधोमध करून ठेवला असेल तर हा फरक दिसत नाही. मग शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे टाका:

```
=ISNUMBER(A2)
```

`TRUE` आलं तर तो आकडा, `FALSE` आलं तर मजकूर.

आता गंमत पाहा. शीट बघणारा माणूस डावीकडे राहिलेल्या ओळींनाच बिघडलेल्या समजतो आणि त्या हाताने दुरुस्त करायला घेतो. प्रत्यक्षात आदिलाबादच्या नोंदींत त्याच ओळी शाबूत होत्या, कारण संगणकाने त्यांना हात लावला नव्हता. उजवीकडे नीट बसलेल्या `05/11` आणि `08/01` यांचाच दिवस-महिना उलटा झाला होता. शीटमध्ये काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या आणि डावीकडच्या सगळ्यांत १२ पेक्षा मोठा आकडा असला, तर उजवीकडच्या उलट्या झाल्याचा दाट संशय धरायला हरकत नाही.

ही भानगड किती दिवसांची? वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी ज्यांची तारीख १३ किंवा पुढची आहे ते २२१ दिवस दोन अर्थांनी वाचताच येत नाहीत. उरले १४४. त्यात १/१, २/२, ३/३ असे बारा दिवस उलटे वाचले तरी तेच राहतात. बाकीचे १३२ दिवस मात्र उलटे वाचले तर वर्षातली दुसरीच खरी तारीख होतात. म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त वर्ष.

सेटिंग भारताची केली की झालं का?

बरेच जण इथे म्हणतात, लॅपटॉपची सेटिंग बदलून टाका. विंडोजमध्ये `Region` मध्ये जाऊन `English (India)` निवडायचं. गुगल शीट असेल तर `File` मधल्या `Settings` मध्ये `Locale`. पुढच्या कामासाठी ते करून ठेवावंच. तेलंगणात काय, महाराष्ट्रात काय, माणसं दिवसच आधी लिहितात.

पण या शीटला तेवढ्याने भागत नव्हतं. एक तर आधीच आकडा झालेली तारीख सेटिंग बदलल्याने परत फिरत नाही. ११ मे हा ११ मेच राहतो, फक्त दिसताना दिवस आधी येतो. दुसरं म्हणजे पलीकडच्या काट्यावरची फाईल. तिथल्या ओळीत `11/28/2024` आहे. अठ्ठाविसावा महिना नसतो, म्हणजे त्या काट्याचा संगणक महिना आधी छापतो. मग त्याच काट्याची `10/11/2024` ही १० नोव्हेंबर नाही, ११ ऑक्टोबर आहे. कॅलेंडर काढून पाहिलं: १० नोव्हेंबर २०२४ ला रविवार होता, ११ ऑक्टोबरला शुक्रवार. काटा रविवारी बंद असतो. दोन्ही खुणा एकाच बाजूला बोट दाखवतात. भारताची सेटिंग लावून हीच फाईल उघडली असती तर आदिलाबादच्या ओळी बरोबर आल्या असत्या आणि काट्याचे ९ क्विंटल गुपचूप नोव्हेंबरात गेले असते.

म्हणून दिवस आधी की महिना आधी हा प्रश्न ओळीचा नसतो, ठिकाणाचा असतो. एका संगणकातून किंवा एका हाताने आलेल्या नोंदी सहसा एकाच पद्धतीने लिहिलेल्या असतात. त्यातली एकच तारीख १३ किंवा पुढची सापडली की त्या ठिकाणचा सगळा गठ्ठा सुटतो. आदिलाबादचा गठ्ठा `25/11` ने सोडवला, काट्याचा `11/28` ने.

मग आधी काय विचारायचं

ज्या ठिकाणच्या एकाही नोंदीत १२ च्या वरचा आकडा नाही, ते ठिकाण आधी विचारायचं. आपल्या शीटमध्ये ती काकांची वही. `12/11/2024` आणि `02/01/2025`, दोनच ओळी आणि दोन्ही दुतोंडी.

विचारण्याआधी हंगामाची चाळणी लावून पाहता येते. हा हिशेब ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ चा होता. एखादी तारीख उलटी वाचल्यावर या सहा महिन्यांच्या बाहेर पडत असेल तर ती उलटी नाहीच. `05/11/2024` उलटी वाचली की मे येतो, म्हणजे ती पाच नोव्हेंबरच. या चाळणीने बहुतेक तारखा सुटतात. अडकतात त्या फक्त सहा जोड्या: ११ ऑक्टोबर आणि १० नोव्हेंबर, १२ ऑक्टोबर आणि १० डिसेंबर, १२ नोव्हेंबर आणि ११ डिसेंबर, तसंच नव्या वर्षात २ जानेवारी आणि १ फेब्रुवारी, ३ जानेवारी आणि १ मार्च, ३ फेब्रुवारी आणि २ मार्च. या बारा तारखा कशाही वाचा, हंगामातच राहतात. काकांच्या दोन्ही ओळी नेमक्या याच यादीतल्या निघाल्या.

वार पाहूनही पहिली ओळ सुटेना. १२ नोव्हेंबरला मंगळवार, ११ डिसेंबरला बुधवार. दोन्ही दिवशी काटा चालू. आणि हे १० क्विंटल कुठे पडतात यावर नोव्हेंबर १९ चा की २९ चा ते ठरणार होतं. टेम्पोवाल्याचं बिल २९ चं आहे म्हणून नोव्हेंबर धरा, असंही करता येत नव्हतं. ज्या बिलाची तपासणी करायची, तेच साक्षीला कसं घेणार?

शेवटी काकांना फोन केला. इथे प्रश्न कसा विचारायचा याला महत्त्व आहे. "बारा-अकरा ही तारीख बरोबर आहे ना?" असं विचारलं तर कुणीही "हो" म्हणेल, कारण वहीत तसंच लिहिलंय. महिन्याचं नाव घेऊन दोन पर्याय पुढे ठेवावे लागतात.

"काका, ते दहा क्विंटल तुम्ही नोव्हेंबरच्या बारा तारखेला नेले का डिसेंबरच्या अकराला?"

"तारीख नाही लक्षात बाप्पा. पण त्या दिवशी उपास होता मला, एकादशी होती."

कॅलेंडर पुन्हा उघडलं आणि हसूच आलं. १२ नोव्हेंबरलाही एकादशी आणि ११ डिसेंबरलाही एकादशी. पुन्हा विचारलं, "कोणती एकादशी काका?"

"कार्तिकी ना! पोरं पंढरपूरला गेली होती, म्हणून मीच गेलो टेम्पोवर."

कार्तिकी म्हणजे १२ नोव्हेंबर. काका दिवस आधी लिहितात, हे ठरलं. वही एकाच हाताची, म्हणून `02/01/2025` ही २ जानेवारी. तरीही फोनवरच्या आठवणीवर न थांबता मूळ पावतीचा फोटो मागवला आणि मग ओळ पक्की केली. सण, बाजाराचा वार, उपास यावरून अंदाज बांधता येतो; पैशाच्या हिशेबाला कागदच लागतो.

आता शीट कशी लावायची

मूळ फाईल हाताशी असेल तर आधी बिघडलेली शीट बाजूला ठेवा आणि मूळ फाईल पुन्हा उघडा, पण दोनदा क्लिक करून नव्हे. एक्सेलमध्ये `Data` मधून `From Text/CSV` घ्या आणि `Do not detect data types` निवडा. गुगल शीटमध्ये `Import` करताना `Convert text to numbers, dates, and formulas` वरची खूण काढा. मग सगळ्या तारखा जशा लिहिल्या तशा मजकूर म्हणून येतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवायचं असेल तर आधी रकान्याचा फॉरमॅट `Text` करा, नंतर चिकटवा.

हा मूळ रकाना A. तो कधीही बदलायचा नाही. B मध्ये त्या ठिकाणची पद्धत लिहा: दिवस आधी असेल तर `DMY`, महिना आधी असेल तर `MDY`. कुणी `5.11.24` किंवा देवनागरी आकड्यांत लिहिलं असेल तर दोन आकडी दिवस, दोन आकडी महिना, चार आकडी वर्ष असं इंग्रजी आकड्यांत एकसारखं करून घ्या, पण क्रम बदलू नका. मग C मध्ये खरी तारीख:

```
=IF(B2="DMY",
 DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)),
 DATE(RIGHT(A2,4),LEFT(A2,2),MID(A2,4,2)))
```

B मध्ये चूक झाली तर हे सूत्र ओरडत नाही, हे लक्षात ठेवा. `11/28/2024` समोर चुकून `DMY` लिहिलं तर अठ्ठाविसावा महिना म्हणून ते पुढे मोजत जातं आणि ११ एप्रिल २०२६ काढून देतं. म्हणून सूत्र खाली ओढल्यावर C रकान्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीख `MIN` आणि `MAX` ने पाहा. दोन्ही हंगामाच्या आत असायला हव्यात. C चा फॉरमॅट `dd-mmm-yyyy` ठेवा, म्हणजे महिना अक्षरात दिसेल आणि पुढच्या माणसाला शंका उरणार नाही.

मूळ फाईलच हरवली असेल तर जरा जपून. उलट्या झालेल्या ओळी पुन्हा उलटवता येतात:

```
=DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2))
```

पण हे फक्त अशा ठिकाणच्या ओळींना, जिथे दिवस आधी लिहिला होता आणि आता `ISNUMBER` ला `TRUE` येतं. आपल्या शीटमध्ये पलीकडच्या काट्याच्या ओळी अमेरिकी सेटिंगवर बरोबरच आल्या होत्या. सगळ्या रकान्यावर हे सूत्र फिरवलं असतं तर त्या बिघडल्या असत्या. ठिकाणाचा रकाना नसेल तर ही दुरुस्ती करूच नये.

दुसरा प्रश्न: महिन्यानुसार म्हणजे कसं?

दिवस-महिना पक्का झाल्यावरच हा प्रश्न. महिन्याचं नाव काढून लावलं तर संगणक इंग्रजी अक्षरांप्रमाणे Dec, Feb, Jan, Mar, Nov, Oct असं मांडतो. `MONTH` ने आकडा काढून लावलं तर १, २, ३, १०, ११, १२ येतं. म्हणजे जानेवारी २०२५ वर आणि ऑक्टोबर २०२४ खाली. कापसाच्या माणसाला ऑक्टोबर आधी हवा असतो. म्हणून वर्षासकट महिना काढा:

```
=TEXT(C2,"yyyy-mm")
```

याने `2024-10` पासून `2025-03` पर्यंत हंगामाचा क्रम आपोआप लागतो. शीटमध्ये दोन-तीन हंगाम असतील आणि सगळे नोव्हेंबर शेजारी ठेवून तुलना करायची असेल, तर `MONTH` हवा. काम देणाऱ्याला यातलं कोणतं हवंय ते विचारा. मात्र हा प्रश्न नंतर विचारला तरी चालतो, कारण C रकाना बरोबर असेल तर क्रम केव्हाही बदलता येतो. पहिला प्रश्न चुकला तर कोणताही क्रम लावा, बेरीज खोटीच येते.

गटाची शीट शेवटी अशी लागली: ऑक्टोबर ९, नोव्हेंबर २९, डिसेंबर ७, जानेवारी ७. बेरीज ५२, म्हणजे सुरुवातीला होती तेवढीच. एकूण बेरीज जुळते म्हणून शीट बरोबर, असं समजणाऱ्यांनी एवढं पाहावं: बिघडलेल्या शीटमध्येही ती ५२ च होती.

नोव्हेंबर २९. टेम्पोवाल्याचं बिल बरोबर होतं. त्याचे पैसे दुसऱ्याच दिवशी दिले गेले आणि पुढच्या हंगामापासून गटाच्या वहीत महिना अक्षरांत लिहायचा, असं ठरलं.